एका उताऱ्याला एकच व्हेक्टर पुरत नाही तेव्हा

वाचनालयाच्या नियमांचा एक लांब उतारा घ्या. वेळ, वर्गणी, हरवलेली पुस्तकं, आणि मधेच एक ओळ: "ज्येष्ठ नागरिकांना उशिराचा दंड माफ आहे." शोधासाठी या सगळ्याचा मिळून एकच व्हेक्टर, म्हणजे अर्थ टिपणारी आकड्यांची यादी, केला की ती ओळ बाकीच्या मजकुरात विरघळते. मग "ज्येष्ठांना दंड माफ आहे का?" असं विचारल्यावर फक्त दंडाच्या दरांवरचा दुसराच उतारा वर येतो.

यावर उपाय म्हणजे लेट इंटरॅक्शन ही शोधपद्धत. तिच्यात प्रत्येक टोकनला, म्हणजे शब्दाला किंवा त्याच्या तुकड्याला, स्वतःचा व्हेक्टर असतो. ओमर खट्टाब आणि मातेई झहारिया यांच्या कोलबर्ट या मॉडेलपासून (2020) ही पद्धत रुळली. प्रश्न आणि उतारा वेगवेगळे एन्कोड होतात, त्यांची गाठ पडते ती अगदी शेवटी.

आधी एक-व्हेक्टर शोध तसाच ठेवा आणि त्यातून वरचे 100 उतारे काढा. मग फक्त त्या 100 ची टोकनवार तुलना करा. `Q` मध्ये प्रश्नाचे आणि `D` मध्ये उताऱ्याचे नॉर्मलाइझ केलेले व्हेक्टर:

```python
S = Q @ D.T
score = S.max(axis=1).sum()
```

म्हणजे प्रश्नातला प्रत्येक शब्द उताऱ्यातला आपला सर्वात जवळचा सोबती शोधतो, आणि त्या गुणांची बेरीज होते. समजा ज्येष्ठ, दंड, माफ या तिघांना नियमांच्या उताऱ्यात 0.8, 0.9, 0.85 मिळाले, तर बेरीज 2.55. दरांच्या उताऱ्यात 0.3, 0.9, 0.4, म्हणजे 1.6. बाकीचे नियम कितीही लांब असोत, त्यांनी गुण कमी होत नाहीत. लांबी सारखी करायला भरलेली पॅडिंगची टोकनं मात्र `D` मधून आधी काढा, नाहीतर तीही सोबती म्हणून निवडली जातात.

आता जागेचा हिशोब. 1 लाख उतारे, प्रत्येकी 150 टोकनं, टोकनला 128 आकडे, आकड्याला 2 बाइट: साधारण 3.8 जीबी. एक-व्हेक्टरला 768 आकडे धरले तरी 0.15 जीबीत भागतं. कोलबर्टच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या 2-बिट दाबणीने 256 बाइटचा व्हेक्टर 36 वर येतो, म्हणजे तेच उतारे सुमारे 0.54 जीबीत बसतात.

मराठीत आणखी एक खोच आहे. मूळ कोलबर्ट इंग्रजीवर शिकवलेलं, त्यामुळे बहुभाषिक मॉडेल घ्या आणि एका उताऱ्याची टोकनं मोजून पाहा. "नागरिकांना" चे तीन-चार तुकडे झाले तर उतारा मॉडेलच्या टोकन-मर्यादेबाहेर जातो आणि शेपूट गुपचूप कापलं जातं. त्या शेपटातली ओळ मग कधीच सापडत नाही.

गुण विचित्र वाटले तर `S.argmax(axis=1)` छापा. कोणता शब्द कुणाला चिकटला ते दिसतं. "माफ नाही" असं लिहिलेला उताराही चांगले गुण घेऊन जातो, कारण "माफ" ला जोडीदार मिळतोच. आणि योग्य उतारा त्या 100 मध्येच नसेल तर इथे काही उपाय नाही. आधी 100 चे 300 करून बघा.