व्यापार-मोनोपॉलीत जागा भरपूर, नोटा संपलेल्या: या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरात दुपारी अकरा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. त्यामुळे कपाटावरचा व्यापार किंवा मोनोपॉली खाली उतरते आणि संध्याकाळपर्यंत भांडणं होतात. हरणारा बहुतेक वेळा फाशांना दोष देतो. पण त्याच्यासमोर दहा-बारा कार्डं पसरलेली आणि हातात दोन नोटा असतील, तर गडबड फाशांची नसते, हिशेबाची असते.

हिशेब अवघड नाही. दोन फाशांची सरासरी ७ येते, म्हणजे पटाभोवतीच्या एका फेरीत एखाद्या ठरावीक जागेवर थांबण्याची शक्यता साधारण सातात एक. मोनोपॉलीच्या पटावर ४० चौकोन आहेत, पण सगळ्यांचं नशीब सारखं नाही. सर्वांत जास्त गर्दी तुरुंगात होते: पत्ते तिथे पाठवतात, एक चौकोन पाठवतो आणि लागोपाठ तीन वेळा जोडी पडली तरी तिथेच जावं लागतं. तिथून सुटलेला माणूस पुढे नारिंगी जागांवर येतो. सेंट जेम्स तुरुंगापासून ६ चौकोन पुढे, टेनेसी ८ आणि न्यूयॉर्क ९. पैसे भरून सुटलेल्याने फासे टाकले की ३६ पैकी १४ वेळा तो या तिघांपैकी एकावर पडतो. एकूण फेरीचा विचार केला, तर प्रत्येक भिडू साधारण दोन फेऱ्यांत एकदा नारिंगीवर येतो. पुढचं सगळं गणित याच आकड्यावर चालवू. भिडू चार, म्हणजे भाडं देणारे तीन.

पहिली चूक मोकळ्या जागेच्या भाड्याकडे बघण्याची. न्यूयॉर्कची किंमत २००, मोकळ्या जागेचं भाडं १६. तिघांकडून मिळून एका फेरीत सरासरी ८ येतात, म्हणजे किंमत वसूल व्हायला २५ फेऱ्या. तेवढा डाव कोणी खेळत नाही. म्हणून काही जण "भाडंच नाही, कशाला घ्यायची?" म्हणत जागा सोडतात, तर काही जण "भाडं येईल की" म्हणत दिसेल ते घेत सुटतात. दोघंही चुकतात. ही जागा माझा सेट पुरा करते का, किंवा दुसऱ्याचा अडवते का, एवढंच विचारायचं. दोन्हींपैकी एकाचं उत्तर हो असेल तर जरूर घ्यावी. नाहीतर होटगी रोडला प्लॉट घेऊन कुंपण घालायलाही पैसे उरले नाहीत, तशी गत होते.

दुसरी चूक मला सगळ्यांत जास्त दिसते: दोन घरांवर थांबणं. नारिंगीवर एक घर १०० ला. तिन्ही जागांवर दोन-दोन घरं बांधली तर खर्च ६००, आणि भाडं २००, २०० आणि २२०. सरासरी काढा, दोन फेऱ्यांत एकदा म्हणून निम्मी करा, तिघांनी गुणा: फेरीला साधारण ३१०. आता आणखी ३०० घालून प्रत्येकावर तिसरं घर चढवा. भाडं होतं ५५०, ५५० आणि ६००, आणि फेरीचं उत्पन्न थेट ८५०. म्हणजे शेवटच्या ३०० ने ५४० वाढवले. चौथ्या घराला पुन्हा ३०० घातले तर वाढ जवळपास ३०० चीच. ती वाईट नाही, पण तिसऱ्या घराची उडी पुन्हा मिळत नाही. त्यामुळे हातात बेताचे पैसे असतील तर दोन रंगांवर थोडं-थोडं बांधू नका. एकाच रंगाला तीन-तीन घरं आधी करा.

बोर्डवॉक आणि पार्क प्लेस या गडद निळ्या जोडीचा मोह इथेच नडतो. बोर्डवॉकवर हॉटेल असलं की भाडं २०००, हे पोरांना तोंडपाठ असतं. पण तिथे एक घर २०० ला, आणि त्या दोन जागांवर मिळून एखादा भिडू साडेतीन-चार फेऱ्यांत एकदा येतो. समजा दोन्ही सेट तुमचे आहेत आणि हातात ९०० आहेत. निळ्यावर चार घरं बसतात (खर्च ८००), भाडं ५०० आणि ६००, फेरीला साधारण ४५०. तेच ९०० नारिंगीवर लावले तर ८५०. निळा सेट वाईट नाही, तो श्रीमंताचा सेट आहे.

आता सौदा. इथे हिशेब करणारेही फसतात, कारण ते कार्डावर छापलेली किंमत धरून बसतात. मामांकडे सेंट जेम्स आणि न्यूयॉर्क आहे, भाच्याकडे टेनेसी. मामांच्या हातात रोख १०००. छापील किंमत १८०, भाचा ३०० मागतो आणि खूश होतो. मामा लगेच "घे रे बाबा" म्हणून नोटा मोजतात. उरलेल्या ७०० ची सात घरं येतात: न्यूयॉर्कवर तीन, बाकी दोघांवर दोन-दोन, कारण घरं समान चढवावी लागतात. भाडं ६००, २००, २००. म्हणजे प्रत्येक भिडूकडून फेरीला सरासरी १६७. भाचाही त्या भिडूंपैकीच एक! मिळालेले ३०० दोन फेऱ्यांत मामांकडे परत.

भाच्याने ६०० मागितले असते तर? मामांकडे ४०० उरतात, घरं चार, भाडं २२०, ७०, ७०, आणि प्रत्येकाकडून फेरीला ६०. म्हणजे जास्त भाव मागण्याचा खरा फायदा मिळालेल्या नोटांत नसून मामांचे हात बांधण्यात आहे. म्हणून सेट पुरा करून देताना समोरच्याची रोकड आधी मोजा. त्याच्या बाकी जागांची गहाण किंमत, म्हणजे छापील किमतीच्या निम्मी, तीही धरा. मामा एखादी रेल्वे गहाण टाकून एक घर वाढवायला मागेपुढे बघणार नाहीत. आणि पैशांऐवजी स्वतःचा सेट पुरा करणारी जागा मिळत असेल, तर सौद्यानंतर दोघांच्या हातात किती घरांचे पैसे राहतात ते बघा. बदल बरोबरीचा दिसतो, पण ज्याच्याकडे रोकड जास्त तोच आधी तिसऱ्या घरावर पोचतो.

सगळे पैसे बांधकामात घालायचे का, हा प्रश्न उरतोच. विकायची वेळ आली तर बँक घराचे निम्मे पैसेच देते, त्यामुळे एका भाड्यापायी तीन घरं उतरवणं फार महाग पडतं. आपल्या सोंगटीपुढे ५ ते ९ चौकोनांवर दुसऱ्याची भारी जागा आहे का ते बघा. तिथे भाडं ५०० असेल तर थोडं थांबलेलं बरं. उलट आपण आत्ताच ते ओलांडलं असेल आणि दोन भिडू तुरुंगात बसले असतील, तर नारिंगीवर बांधायला याहून चांगली वेळ नाही. नियमाने दुसऱ्यांच्या खेळींच्या मध्येही बांधता येतं. आपला नंबर येईपर्यंत थांबायची गरज नसते.

हॉटेलची घाई करू नका. मोनोपॉलीच्या डब्यात घरं ३२ च असतात आणि हॉटेल घेतलं की चार घरं बँकेत परत जातात, म्हणजे दुसऱ्याला बांधायला मिळतात. तिन्ही नारिंगी जागांवर चार-चार घरं ठेवून बसलात तर १२ घरं तुमच्याकडे अडकून राहतात.

व्यापाराच्या डब्यात मुंबई-दिल्लीची नावं आणि निराळे दर असतात, त्यामुळे वरचे आकडे तसेच लावू नका. कार्ड उलटवून बघा: कुठल्या घराला भाडं सगळ्यांत जोरात उडी मारतं? घराच्या किमतीला त्या वाढीने भागा. उत्तर सर्वांत कमी येईल तिथपर्यंत आधी बांधा. सेट नसताना घर बांधायची मुभा तुमच्याकडे असेल, तर सौद्याचा वरचा हिशेब लागू होत नाही. एकटी जागाही तीन घरांपर्यंत नेता येते, मग कोणाचं काही अडवण्यात फारसा अर्थ उरत नाही.