क्रेडिट कार्डाचा अर्ज उघडण्याआधी

अर्ज नंतर उघडा, आधी कागद काढा. गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, शेवटचं आयकर विवरणपत्र, पगाराची चिठ्ठी किंवा कामाचा करार, आणि भाडेकरार किंवा घरकर्जाचं स्टेटमेंट. मी बरीच वर्षं असे अर्ज तपासले. खोटं लिहिल्यामुळे अडकलेले अर्ज फार पाहिले नाहीत. प्रामाणिक माणसाने घाईत चुकीचा पर्याय निवडला आणि अर्ज परत गेला, हे मात्र सतत पाहिलं, आणि दर वेळी वाईट वाटलं.

पहिला प्रश्न नोकरीच्या प्रकाराचा. इथे आपण काय काम करतो हे विचारलेलं नसतं. पैसे कोणत्या नात्याने येतात हे विचारलेलं असतं. एका डिझायनर बाईंचा अर्ज आठवतो. तीन वर्षं एकाच कंपनीचं काम, रोज त्याच ऑफिसात बसणं, महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम खात्यात. त्यांनी ‘पगारदार’ निवडलं. पण त्या दर महिन्याला बिल देत होत्या, करारावर ‘सल्लागार’ लिहिलेलं होतं. पडताळणीसाठी कंपनीला फोन गेला तेव्हा तिकडून उत्तर आलं, या नावाचं कुणी आमच्या पगारपत्रकावर नाही. अर्ज तिथेच थांबला. ‘स्वयंरोजगार’ किंवा ‘व्यावसायिक’ निवडून करार आणि विवरणपत्र जोडलं असतं, तर तीन वर्षांचं सलग काम ही त्यांची जमेची बाजू ठरली असती.

म्हणून ओळखायची खूण सोपी ठेवा: पगाराची चिठ्ठी मिळते का, की आपण बिल पाठवतो? बिल पाठवत असाल तर उत्पन्नाच्या रकान्यात एकूण जमा लिहू नका. समजा वर्षभरात बिलांचे 100 आले आणि सॉफ्टवेअर, प्रवास, मदतनीस यांवर 35 गेले, तर तुमचं उत्पन्न 65. विवरणपत्रातही तेच असतं आणि तपासणारा तेच पाहतो. पगारदारांनी मात्र रकान्याखालचा बारीक मजकूर वाचावा. कुठे कपातीपूर्वीचा आकडा मागतात, कुठे हातात येणारा.

घराच्या प्रकाराचा रकाना पत्त्यासाठी असतो असा समज आहे. खरं तर घरावर दरमहा किती खर्च होतो आणि तुम्ही एका जागी किती काळ टिकून आहात, याचा अंदाज त्यातून घेतला जातो. वर्षाला 65 म्हणजे महिन्याला साधारण साडेपाच. त्यातले दीड भाड्यात आणि एक जुन्या कर्जाच्या हप्त्यात गेले, तर कार्डाचं बिल उरलेल्या तिनातून भागायचं असतं. आईवडिलांच्या घरात राहत असाल तर ‘स्वतःचं’ लिहू नका. घर त्यांच्या नावावर आहे, आणि ‘पालकांसोबत’ हा पर्याय कमीपणाचा नाही. भाडं नसल्यामुळे हिशेबात उलट फायद्याचाच पडू शकतो. घरकर्ज चालू असेल आणि यादीत ‘कर्जासह स्वतःचं’ हा वेगळा पर्याय असेल तर तोच घ्या, कारण हप्ता क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीत, दिसणारच आहे.

आता तुमचा कर्जाचा इतिहास तपासायला द्यायची संमती. तिच्या चौकटीवर टिक करण्याआधी स्वतःचा क्रेडिट अहवाल मागवून वाचा. आपला अहवाल आपण पाहिल्याने आपले क्रेडिट गुण कमी होत नाहीत. त्यात जुना पत्ता, नावाच्या स्पेलिंगमधला फरक, फेडूनही चालू दिसणारं कर्ज असं काही असेल तर आधी दुरुस्त करून घ्या.

मग संमतीचा मजकूर नीट वाचा. ‘पात्रता तपासा’ या बटणामागे बहुधा सौम्य चौकशी असते. ती इतर कर्जदात्यांना दिसत नाही आणि गुणांना धक्का लावत नाही. ‘अर्ज सादर करा’ म्हटलं की पूर्ण चौकशी होते. ती अहवालात नोंदली जाते, अर्ज नाकारला गेला तरी राहते, आणि नंतर संमती मागे घेतली म्हणून पुसली जात नाही. त्या डिझायनर बाईंनी नकारानंतर आठवड्याभरात आणखी तीन ठिकाणी अर्ज केले, तेही त्याच चुकीसह. चार चौकश्या लागोपाठ दिसल्या की पाहणाऱ्याला पैशाची निकड वाटते. नकार आला तर आधी कारण विचारा.

त्याच पानावर जाहिरातींसाठी किंवा भागीदार कंपन्यांना माहिती देण्यासाठी वेगळी चौकट असते, कधी आधीच टिक केलेली. इतिहास तपासण्याच्या संमतीशी तिचा संबंध नाही. ती काढून टाका.

सादर करण्याआधी भरलेल्या अर्जाचा आणि संमतीच्या मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या. महिन्या-दोन महिन्यांनी अहवाल पुन्हा मागवा आणि चौकशी एकच, त्याच संस्थेची आणि त्याच तारखेच्या आसपासची आहे ना, हे ताडून पाहा.