बिलिंग काउंटरवर माणसं कुठल्या तासाला कमी पडतात?

दिवसभराची बेरीज जुळली तरी संध्याकाळी रांग लागते, म्हणून हिशोब तासागणिक करा. एक्सेलच्या A कॉलममध्ये तास (9 ते 21), B मध्ये त्या तासाला किती कॅशियर लागतात ती गरज. संध्याकाळी सात ते आठ या वेळात, म्हणजे 19 च्या ओळीत, 90 बिलं आणि बिलामागे 3 मिनिटं, म्हणजे 270 मिनिटांचं काम. रोल बदलणं, सुट्टे आणणं यात वेळ जातोच, त्यामुळे एका कॅशियरची तासाला 50 मिनिटंच धरा. 5.4 आलं, म्हणजे 6 जण. अपूर्णांक नेहमी वरच न्यायचा.

F मध्ये प्रत्येकाची शिफ्ट सुरू होण्याचा तास, G मध्ये संपण्याचा, H मध्ये जेवणाचा. C2 मध्ये त्या तासाला काउंटरवर असलेल्या माणसांची संख्या, सूत्र खाली ओढा:

```
=COUNTIFS(F:F,"<="&A2,G:G,">"&A2)-COUNTIF(H:H,A2)
```

आता C चे स्तंभ आणि B ची रेषा असा कॉम्बो चार्ट काढा. रेषा स्तंभाच्या वर गेली की तिथे तूट.

जेवणाची वजाबाकी बहुतेक जण विसरतात. सातला 7 जण हजर, पण दोघं जेवायला गेले तर काउंटरवर 5च. इथे नवा माणूस नको. एकाचं जेवण रात्री नऊला सरकवा, मात्र 21 च्या ओळीत जागा आहे का ते आधी बघा. मध्यरात्रीनंतरचा 1 हा 25 असा लिहा, नाहीतर रात्रपाळी मोजलीच जात नाही.