वॉफल मेकर वापरताना दिव्याकडे नाही, वाफेकडे बघा

पीठ कुठल्याही साध्या कृतीने भिजवा. १ कप मैदा, १ चमचा बेकिंग पावडर, १ मोठा चमचा साखर, १ अंडं, पाऊण कप दूध आणि ३ मोठे चमचे वितळलेलं लोणी, एवढ्यात काम होतं. लोणी कमी करू नका, वॉफल सुटून येतं ते त्याच्यामुळेच. गुठळ्या मोडण्यासाठी फेटत बसू नका, वॉफल चिवट होतं.

मशीन रिकामं, झाकण बंद ठेवून तापवा. दिवा लागला किंवा विझला की आणखी दोन-तीन मिनिटं थांबा. कोमट साच्यावर पीठ ओतलं तर ते लगेच आवळून येत नाही आणि खाचांत धरून बसतं.

साधारण १८ सेंटिमीटरच्या घरगुती गोल मशीनला अर्धा कप पीठ पुरतं. ते मधोमध ओता, कडेला दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडा. झाकण पडलं की पीठ आपोआप पसरतं. कडा भराव्यात म्हणून जास्त ओतलं की ते बाहेर येऊन बिजागरीत जळतं. पहिल्या वॉफलला कडा रिकाम्या राहिल्या तर पुढच्याला चमचाभर वाढवा.

आता खरं काम. बहुतेक जण हिरवा दिवा लागला की झाकण उघडतात आणि वॉफल मधून फाटतं, अर्धं वर, अर्धं खाली. बहुतेक साध्या मशीनमध्ये तो दिवा फक्त साचा तापल्याचं सांगतो. आतलं पीठ शिजलं की नाही, हे त्याला कळत नाही. ते वाफ सांगते.

झाकण लावल्यावर थोड्याच वेळात कडेने भरपूर वाफ सुटते. पिठातलं पाणी उकळून बाहेर पडत असतं, आणि ते पडतंय तोवर वरचा पापुद्रा कुरकुरीत होऊच शकत नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला वाफ विरळ होते, मग एखादी बारीक रेघ उरते. तीही जवळजवळ थांबली की झाकण हलकेच उचलून बघा. जरासं जरी अडलं, तर ओढू नका. परत बंद करून अर्धा-एक मिनिट थांबा. तयार वॉफल स्वतःच साचा सोडतं. वाफ थांबल्यावरही रंग फिका वाटला तर आणखी अर्धं मिनिट द्या. वाफेचा चटका जोरदार बसतो, म्हणून हात आणि तोंड झाकणाच्या फटीपासून लांब ठेवा.

जाड बेल्जियन साच्यात पीठ जास्त मावतं, तिथे वेळ पाच-सहा मिनिटांपर्यंत जातो. म्हणूनच 'बरोबर चार मिनिटं' या सल्ल्यावर माझा विश्वास नाही.

काढायला लाकडी उलथनं घ्या, सुरी नको, नॉनस्टिकचा थर जातो. वॉफल ताटात एकावर एक रचू नका, उरलेली वाफ त्यांना दोन मिनिटांत मऊ करते. जाळीवर सुटी ठेवा, आणि पुढचा घाणा घालण्याआधी साचा पुन्हा तापू द्या.