पावसाळ्यात लहान मुलांना येणारं घामोळं : ते कसं ओळखावं, कसं घालवावं, कसं टाळावं

पहिल्या पावसात भिजलं की घामोळं जातं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यात तथ्य आहे. पावसाचं गार पाणी अंगावरून वाहतं, घाम थांबतो आणि दाह कमी होतो. पाण्यात औषधी असं काही नसतं, काम गारव्याचं असतं. पण त्या पावसानंतर येणारे जुलै-ऑगस्टचे दिवस, विशेषतः मुंबई-ठाण्यापासून सिंधुदुर्ग-गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, एक ते तीन वर्षांच्या मुलांना पुन्हा घामोळं देतात. तापमान मे महिन्यापेक्षा कमी असतं, म्हणून घरच्यांना वाटतं की हे काहीतरी वेगळंच पुरळ आहे, आणि मग त्यावर नको ते चोपडलं जातं.

कारण हवेतल्या ओलाव्यात आहे. घाम नुसता येऊन अंग गार होत नाही, तो उडून जावा लागतो. हवेतच ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता असली की घाम उडत नाही, कातडीवर साचून राहतो. सतत ओल्या राहिलेल्या कातडीचा वरचा थर फुगतो आणि घामाच्या नळ्यांची तोंडं बुजतात. आतून घाम येतच असतो. त्याला वाट मिळाली नाही की तो कातडीच्या आतच झिरपतो, आणि तिथे लाल, टोचणारा दाणा उठतो. मोठ्या माणसाला असतात जवळपास तितक्याच घामग्रंथी या एवढ्याशा अंगावर दाटीवाटीने असतात, शिवाय मानेला, काखेत, जांघेत वळ्या असतात. म्हणून मुलांना घामोळं लवकर येतं.

एवढं लक्षात आलं की उपाय कुठल्या दिशेने करायचा ते ठरतं. कातडी गार ठेवायची, कोरडी ठेवायची आणि नळ्यांची तोंडं बुजवणारं काही लावायचं नाही.

आधी ओळखा

मूल उजेडात घ्या आणि सगळे कपडे काढून बघा. घामोळं मान, पाठीचा वरचा भाग, छाती, कपाळाची कड, कोपराची आतली बाजू आणि इलॅस्टिक किंवा डायपरची पट्टी बसते तिथे येतं. दाणे मोहरीपेक्षा लहान, लालसर आणि एकमेकांना लागून असतात. कधी लाली अजिबात नसते, दवासारखे पारदर्शक फोड असतात, हात फिरवला तरी फुटतात. ते तर आणखी वरवरचं, एकदोन दिवसांत जाणारं.

हे दाणे तळहात-तळपायावर येत नाहीत. तिथे फोड असतील, तोंडात छाले असतील, मूल जेवण-पाणी नाकारत असेल, तर ती पावसाळ्यात बालवाडीतून पसरणारी हात-पाय-तोंडाची साथ असू शकते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर पुरळ आहे, खाज रात्री वाढते आणि घरात आणखी कोणी खाजवतंय, तर खरूज समजून डॉक्टरांकडे जा. घामोळ्याने ताप येत नाही. उलट तापात घाम येऊन घामोळं उठू शकतं, म्हणून ताप असेल तर तापाचं कारण वेगळं शोधावं लागतं.

पहिलं काम : गार करा, टिपा, उघडं ठेवा

घामोळं दिसलं त्याच दिवशी साध्या पाण्याने आंघोळ घाला. पावसाळ्यात कढत पाण्याची सवय असते, ती या दिवसांत सोडा. बोट घातल्यावर गारही नाही आणि गरमही नाही असं पाणी चांगलं. सकाळ-संध्याकाळ दोनदा आंघोळ चालेल, पण साबण एकदाच आणि तोही सौम्य. पाण्यात जंतुनाशक द्रव घालू नका, आधीच चिडलेली कातडी त्याने आणखी चुरचुरते.

पुसण्यात घाई होते आणि सगळं तिथेच बिघडतं. जुना, मऊ झालेला सुती पंचा घ्या. चोळायचं नाही, दाबून टिपायचं. मानेची वळी दोन बोटांनी उघडा. तिथे बहुतेक वेळा दूध, घाम आणि पावडर मिळून पांढरा लगदा बसलेला सापडेल. तो ओल्या कापडाने सोडवा, मग टिपा. काखा, गुडघ्याची मागची बाजू आणि जांघ अशीच. मग पंधरा-वीस मिनिटं मूल पंख्याखाली उघडं खेळू द्या. दमट हवेत टिपलेली कातडीही लगेच कोरडी होत नाही, तिला वारा लागतो. टिपून लगेच झबलं घातलं तर आंघोळीचा अर्धा उपयोग वाया जातो.

इथे घरातल्या मोठ्यांचा जीव खालीवर होतो. "अगं, पावसाळ्याचं उघडं काय ठेवतेस, सर्दी होईल!" सर्दी विषाणूंनी होते, उघड्या पाठीने नाही. आजींना हे समजावण्याचा सोपा मार्ग म्हणजे मुलाच्या पाठीवर त्यांचाच हात ठेवायला सांगणं. पाठ ओली आणि चिकट लागली तर मुलाला उकडतंय. हातपाय गार लागले तरी ते थंडीचं लक्षण मानू नका, मानेखाली हात घालून ठरवा.

दुसरं काम : कपडे आणि अंथरूण

पावसाळ्यात खरा घोळ वाळत घातलेल्या कपड्यांचा असतो. दोन दिवस दोरीवर राहूनही झबल्याची शिवण आणि लंगोटाची घडी ओलसर राहते, आणि नेमकी तीच कातडीला घासते. कपडा गालाला लावून बघा. गार लागला तर तो वाळलेला नाही. शिवणींवर गरम इस्त्री फिरवा, कपडा पूर्ण निवू द्या आणि मगच घाला. धुताना एकदा जास्त खळबळा, कारण राहिलेली साबणाची भुकटी घामात विरघळून झोंबते.

घालायला मलमलीचं किंवा पातळ सुती, सैल झबलं. घरात एकच थर पुरे. टोपरं, मोजे, बनियन, वर स्वेटर हा सगळा सरंजाम दिवसा नको. डायपर रात्री किंवा बाहेर जाताना ठेवा, बाकी वेळ लंगोट किंवा नुसती चड्डी. स्कूटरवर रेनकोट घातला असेल तर पोचल्याबरोबर काढा. प्लॅस्टिकच्या आत मूल पावसाने भिजत नाही, पण घामाने भिजतं.

अंथरुणाखालची रबरशीट पाठीच्या घामोळ्याचं नेहमीचं कारण आहे. ती काढता येत नसेल तर फक्त कमरेखाली ठेवा आणि वर सुती गोधडीची घडी टाका. पंख्याचा वारा मच्छरदाणीतून पोचतोय का ते स्वतः आत झोपून बघा, जाड जाळी वारा अडवते. एसी असेल तर पंचवीस-सव्वीस अंशांवर किंवा ड्राय मोडवर ठेवा, झोत अंगावर नको. पाण्याचा कूलर मात्र किनारपट्टीवर पावसाळ्यात लावू नका. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात तो छान काम करतो, इथे खोलीतला ओलावा वाढवतो.

तिसरं काम : काय लावायचं नाही

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

तेल. मालिशीला माझा विरोध नाही, पण घामोळं असेपर्यंत त्या भागावर खोबरेल किंवा कुठलंही तेल नको. बुजलेल्या तोंडांवर तो आणखी एक थर होतो. पुरळ गेल्यावर मालिश आंघोळीआधी, हलक्या हाताने करा, तेल पूर्ण धुऊन काढा. आंघोळीनंतर तेल लावून ठेवणं या हवेत टाळा. घट्ट क्रीम आणि व्हॅसलीनचंही तेच.

पावडर. कोरड्या कातडीवर ती निरुपद्रवी वाटते, पण घामात तिचा लगदा होतो आणि वळ्यांत साचतो. शिवाय डब्यातून उडालेली भुकटी मुलाच्या श्वासात जाते. 'थंडगार' पावडरींमध्ये मेंथॉल, कापूर किंवा बोरिक आम्ल असू शकतं. मोठ्यांना त्या चालतात, या वयाला नाही.

आणि घरात पडलेली खाजेची ट्यूब. नायट्यासाठी कोणीतरी आणलेल्या अशा मलमांत अनेकदा तीव्र स्टिरॉइड असतं. एका दिवसात लाली उतरते, त्यामुळे विश्वास बसतो. पण वळ्यांमधली नाजूक कातडी त्याने पातळ होते, आणि खाली बुरशी असेल तर ती चेहरा बदलून पसरते, मग डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो.

खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन चालतं. बाटली हलवून, कापसाने पातळ थर, कोरड्या कातडीवर. डोळ्यांजवळ, तोंडाजवळ किंवा खाजवून सोललेल्या जागी नको. नखं कापा, बाकी काही लागत नाही.

एक उदाहरण

समजा डोंबिवलीतलं दीड वर्षाचं मूल आहे. जुलैचा महिना, संध्याकाळी मानेवर, पाठीवर आणि कमरेच्या पट्टीत लाल दाणे दिसले. ताप नाही, तळहात स्वच्छ, तोंडात काही नाही, खेळतंय. तेव्हा घामोळं धरायला हरकत नाही. मालिश बंद, पावडर बंद, साध्या पाण्याची आंघोळ, टिपणं, पंख्याखाली वीस मिनिटं, रात्री रबरशीट काढून सुती अंथरूण.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीची लाली फिकी होते, पण कमरेवर तशीच राहते. कारण चड्डीचं इलॅस्टिक तिथेच घासतंय. नाडीची सैल चड्डी घातली जाते. तिसऱ्या दिवशी पाठ जवळजवळ साफ, कोंड्यासारखी बारीक साल निघतेय. हे बरं होण्याचं लक्षण आहे, साल ओढायची नाही. कमरही फिकी पडली.

मानेची वळी मात्र सुधारत नाही. तिथे आता वेगळे दाणे उरलेले नाहीत, तर गडद लाल, ओलसर, चमकणारा पट्टा आहे आणि त्याच्या कडेबाहेर सुटे सुटे लाल ठिपके. हे घामोळं राहिलेलं नाही, ओलाव्यात बुरशी धरली आहे. गारवा आणि कोरडेपणा इथेही हवाच, पण बुरशीचं मलम लागेल आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं.

डॉक्टरांकडे कधी

असं सगळं करूनही तीन-चार दिवसांत उतार नसेल, दाण्यांत पू दिसला, मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या, केसतुडासारख्या दुखऱ्या गाठी आल्या किंवा आजूबाजूची कातडी सुजून गरम लागली, तर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. ताप आणि पुरळ एकत्र असेल तर वाट बघू नका, पावसाळ्यात डेंग्यूही असतो. काचेचा पारदर्शक ग्लास पुरळावर दाबून बघा. घामोळ्याची लाली दाबल्यावर फिकी होते. ठिपके तसेच लाल-जांभळे राहिले, किंवा मूल मलूल पडलं, पाणी पीत नाही, लघवी कमी झाली, तर रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा.

जाताना आधी जे काही लावलं होतं, त्या ट्यूब आणि डबे सोबत न्या, आणि त्या दिवशी सकाळपासून पुरळावर नवीन काही लावू नका. कॅलामाइनच्या गुलाबी थराखाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही.