दर सांगण्याआधीची प्रश्नावली: लग्नाच्या सजावटकारांनी या चुका टाळाव्यात

लग्नसराईत सजावटकाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी चौकशी बहुधा एकाच धाटणीची असते: स्टेजचा एक फोटो आणि खाली "याचे किती होतील?" एवढाच प्रश्न. त्यावर लगेच आकडा न सांगता चार-पाच प्रश्न पाठवण्याची पद्धत आम्हीही सुरू केली; मात्र पहिल्या प्रश्नावलीत नेमका महत्त्वाचा प्रश्नच राहून गेला होता.

तारीख, कार्यालयाचे नाव, पाहुण्यांची संख्या आणि कोणकोणते कार्यक्रम एवढेच आम्ही विचारत होतो. एका स्वागत समारंभासाठी सोळा फुटी स्टेजचे 75,000 रुपये सांगून आम्ही काम घेतले. त्याच सभागृहात दुपारी साडेबाराचा मुहूर्त आहे आणि पंगती उठून हॉल साडेचारला मोकळा होणार आहे, हे आगाऊ रक्कम घेतल्यानंतर कळले. समारंभ सातचा होता. पाच माणसांचे सहा तासांचे काम अडीच तासांत बसवण्यासाठी बारा माणसे लावावी लागली. जादा सात जणांची प्रत्येकी 900 रुपये मजुरी आणि टेम्पोची दुसरी फेरी 2,500 रुपये, असे 8,800 रुपये आमच्याच खिशातून गेले. म्हणून "हॉलचा ताबा किती वाजता मिळेल आणि त्याआधी तिथे दुसरा कार्यक्रम आहे का?" हा प्रश्न आता तारखेच्या लगेच खाली असतो. पाहुण्यांची संख्या मात्र काढून टाकली, कारण ती केटररच्या कामाची आहे.

दुसरी चूक फोटो गृहीत धरण्याची. फोटोतली फुले ताजी की कृत्रिम, हे ग्राहकाला बहुतेकदा ठाऊक नसते. त्यामुळे "ताजी, कृत्रिम की मिश्र?" असे पर्याय द्यावेत आणि ऐन सणांत फुलांचा भाव चढतो, हे तिथेच एका वाक्यात सांगावे.

बजेटचा प्रश्न सुरुवातीलाच आणि मोकळा विचारला, तर समोरचा "तुम्हीच सांगा" म्हणतो किंवा गप्प बसतो. तो शेवटी, आपल्या कामाला शोभतील अशा तीन टप्प्यांत विचारावा. सर्वांत खालचा टप्पाही परवडत नसेल, तर ती चौकशी पुढे ताणण्यात अर्थ नसतो.

एक तांत्रिक चूक सहज लक्षात येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधील स्वागत संदेश पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, तसाच चौदा दिवस संभाषण थांबल्यावर पुन्हा लिहिणाऱ्यालाही जातो. त्यात प्रश्नावली भरून ठेवली, तर तीन आठवड्यांनी हळदीच्या सजावटीबद्दल विचारणाऱ्या, आगाऊ रक्कम भरलेल्या वधूपित्याला "लग्नाची तारीख कळवा" असा संदेश मिळतो. स्वागतात केवळ नमस्कार ठेवावा आणि प्रश्न झटपट उत्तरांमध्ये साठवून, चौकशी नवी आहे हे पाहून स्वतः पाठवावेत.

उत्तरे अर्धवट येऊ लागली, तर लोक कोणत्या प्रश्नावर थांबतात ते जुन्या दहा-बारा संभाषणांत पाहावे. आमच्याकडे बहुतेक जण "स्टेजची रुंदी किती?" इथे थांबत असत, आता त्याऐवजी आम्ही रिकाम्या स्टेजचा फोटो मागतो.