आयोडीनच्या गुळण्या: आधी बाटली वाचा

घसा दुखतोय म्हणून पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या करणार असाल, तर बाटलीवर ‘गार्गल’ लिहिलंय ना, ते आधी पाहा. जखमेचं द्रावण तसंच तपकिरी दिसतं, पण ते बरंच तीव्र असतं. तोंडात घेऊ नका. गार्गल 10 मिली घ्या, लेबलप्रमाणे पाण्यात मिसळा, 30 सेकंद गुळणी करून थुंका. गिळायचं मुळीच नाही.

थोडं आयोडीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातंच. म्हणून थायरॉइडचा आजार असलेल्यांनी, गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या बायकांनी आणि लिथियम घेणाऱ्यांनी हे टाळावं. सहा वर्षांखालच्या मुलांनाही देऊ नये, ती हमखास गिळतात.

शिवाय औषध वरवरचेच जंतू मारतं. ताप, गिळताना तीव्र वेदना किंवा टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, तर गुळण्यांवर न थांबता डॉक्टरांना घसा दाखवा.